दुपारी मशीन ढिलं पडतंय? आधी कूलर बघ

भाऊ, सिन्नरच्या साइटवर सकाळी चांगलं चालणारं एक्स्कॅव्हेटर दुपारी मंदावत असेल, तर लगेच पंप खोलू नकोस. हायड्रॉलिक ऑइल ८० अंशांच्या पुढे गेलं की फार पातळ होतं, पंपात आतल्या आत गळतं आणि त्या गळतीनं आणखी तापतं.

- मशीन बंद करून कूलरची जाळी साफ कर. हवा पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेनं मार, पण बेतानं. जास्त दाबानं पात्या वाकतात. मुरमाची धूळ तेलकट जाळीत गच्च बसते, तापण्याचं कारण बहुतेकदा हेच.
- रिटर्न फिल्टर मॅन्युअलमधल्या तासांवर बदल. तो तुंबला की बायपास उघडतो आणि ऑइल न गाळताच टाकीत जातं. जुना फिल्टर कापून बघ. पितळेची चमक दिसली तर पंप झिजतोय; काम थांबव, मेकॅनिक बोलाव.