दुकान सांभाळून चार्ट वाचता येईल का?

"दादरला माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. सकाळी 9 ते रात्री 9 गल्ला सोडता येत नाही. शेअरचे चार्ट थोडेफार वाचायला शिकलो आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाइलवर इंट्राडे जमेल का? 2 लाख रुपये बाजूला आहेत. 45 हजारांचा एक क्लास सांगतात, तो लावू का?"

सप्रेम नमस्कार.

इंट्राडे, म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकणे, आपल्याला जमणार नाही, कारण बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो आणि तीच आपली दुकानदारीची वेळ आहे. आपण वायर मोजून देत असताना भाव सुटला, तर तो गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबणार नाही. पूर्ण वेळ देणाऱ्यांचीही स्थिती बरी नाही: सेबीच्या 2024 मधील अभ्यासानुसार, 2022-23 या वर्षात रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर 10 सामान्य गुंतवणूकदारांपैकी 7 जण तोट्यात होते. फ्युचर्स-ऑप्शन्सकडे तर वळूच नये.

मात्र दिवसाच्या चार्टवर, डिलिव्हरीचे, म्हणजे शेअर खात्यात ठेवून पुढे विकण्याचे, व्यवहार दुकान सांभाळून करता येतात. चार्टवर दिवसभराचे भाव दाखवणारी कँडल साडेतीनला बाजार बंद झाल्यावरच पुरी होते, त्याआधी दिसते ते अर्धवट चित्र असते. समजा, एक शेअर ₹480 च्या आसपास दोनदा अडून मागे फिरला आहे. दुपारी 2 वाजता तो ₹491 वर दिसतो आणि अडथळा फुटला असे वाटून हात शिवशिवतात, पण बंद होताना तो ₹474 वर येतो आणि कँडलला वर लांब शेपूट राहते. रात्री दुकान बंद केल्यावर चार्ट उघडणाऱ्याला ही शेपूट आयती दिसते आणि तो या खरेदीत सापडत नाही. दिवसभर स्क्रीनपासून लांब राहण्याचा हा आपला खरा फायदा आहे.

आता समजा, काही दिवसांनी तोच शेअर ₹486 वर बंद झाला आणि त्या दिवशी उलाढालही नेहमीपेक्षा ठळक वाढलेली दिसली. आपण दुसऱ्या दिवसासाठी ₹488 ची मर्यादा घालून खरेदीची ऑर्डर रात्रीच लावून ठेवावी. भाव थेट ₹500 वर उघडला, तर तो व्यवहार सोडून द्यावा. अलीकडचा तळ ₹461 असेल, तर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी विकायचा भाव, ₹458 ठेवावा; एका शेअरमागे जोखीम ₹30. एका व्यवहारात 2 लाखांच्या 1 टक्क्याहून, म्हणजे ₹2,000 हून, अधिक गमवायचे नाही असे धरले, तर 66 शेअर घेता येतात. त्यासाठी सुमारे ₹32,200 लागतील आणि स्टॉपलॉस लागला तर ₹1,980 जातील. शेअर किती घ्यायचे हे असे तोट्याकडून मोजायचे असते. खात्यात किती रक्कम पडली आहे, यावरून नव्हे.

नोकरदार आणि दुकानदार एकाच ठिकाणी हमखास फसतात, म्हणून ते सविस्तर लिहितो. ब्रोकरच्या ॲपमधील जीटीटी ऑर्डर ठरवलेला ट्रिगरचा भाव आला की आपोआप बाजारात जाते. तिच्यात आपण ₹458 ला ट्रिगर आणि ₹456 ला विक्रीची मर्यादा लावली आणि निर्धास्त झालो. रात्रीतून वाईट बातमी आली आणि शेअर ₹440 वर उघडला. ट्रिगर लागतो, ऑर्डर बाजारात जाते, पण ₹456 च्या खाली विकायचे नाही असे आपणच सांगितलेले असल्यामुळे विक्री होत नाही. ट्रिगर लागल्याचा संदेश वाचून आपल्याला विकले गेले असे वाटते आणि शेअर मात्र खात्यात घसरत राहतो. म्हणून मर्यादा बरीच खाली, समजा ₹430 ला ठेवावी. विक्री तरीही त्या वेळी मिळणाऱ्या उत्तम भावानेच होते. शिवाय साडेनऊच्या सुमारास एकदा ऑर्डर बुक उघडून विक्री पूर्ण झाली की प्रलंबित आहे, एवढे पाहावे. ₹440 ला विक्री झाली तर तोटा ₹1,980 ऐवजी ₹3,168 होतो. असा उघडणारा भाव कोणताही चार्ट आदल्या रात्री सांगू शकत नाही.

या कामातून घरखर्च निघेल असे मात्र धरू नका. 40 व्यवहारांत 16 वेळा ₹4,000 मिळाले आणि 24 वेळा ₹2,000 गेले, तर हाती ₹16,000 उरतात, तेही दलाली, कर आणि इतर आकार वजा करण्याआधी. आणि हे गणित बऱ्यापैकी शिस्त असलेल्या माणसाचे आहे. हे 2 लाख दिवाळीच्या मालासाठी किंवा होलसेलरच्या देण्यासाठी लागणार असतील, तर त्यांना हात लावू नये, कारण देण्याची तारीख जवळ आली की स्टॉपलॉस पाळणे अवघड होते.

क्लास तूर्त लावू नका. खातेवहीसारखी एक वही घ्या आणि पैसे न लावता 40 व्यवहार लिहा: खरेदी कोणत्या भावाने, स्टॉपलॉस कुठे, का घेतला, काय झाले. नोंद व्यवहाराच्या आदल्या रात्री व्हायला हवी, नंतर आठवून नव्हे. आठवड्यातून चार रात्री अर्धा-पाऊण तास दिला, तर याला सहा-आठ महिने लागतील. त्या वहीत स्टॉपलॉस हलवल्याच्या खाडाखोडी दिसल्या, तर तो दोष 45 हजारांचा क्लासही घालवू शकणार नाही. वही स्वच्छ असेल, तर पहिले दोन-तीन महिने वरच्या हिशोबाच्या चौथ्या भागाने, म्हणजे एका व्यवहारात ₹500 च्या जोखमीने सुरुवात करा.