पोटात धडधड आणि कंबरदुखी: सोनोग्राफी का सांगितली?

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे, चाळीस वर्षं विडी ओढतात. आडवं पडल्यावर बेंबीजवळ धडधड जाणवते, आठवड्यापासून कंबरही दुखते. इथे इंदूरला डॉक्टरांनी मुख्य रक्तवाहिनी फुगल्याची शंका घेतली. कंबरदुखीचा तिच्याशी काय संबंध?

उत्तर: ती महाधमनी मणक्याला लागूनच खाली उतरते, म्हणून ती फुगली की दुखणं पाठीत, कंबरेत उमटतं. विडीने तिची भिंत कमकुवत होते. उतारवयातल्या पुरुषांत हे जास्त दिसतं. बारीक माणसाला नुसती धडधड एरवीही जाणवते. पण डॉक्टरांनी दोन्ही हात ठेवल्यावर ते बाजूंना ढकलले गेले, तर शंका बळावते. खात्री सोनोग्राफीनेच होते.

रुंदी साधारण २ सेंमी असते. ३ च्या पुढे फुगवटा म्हणतात. दुखत नसेल तर पुरुषांत ५.५ पर्यंत बहुधा लक्ष ठेवतात. बाबांना मात्र दुखतंय. समजा ४.८ निघाली, तरी ‘अजून ५.५ नाही’ म्हणून थांबू नका. दुखणारा फुगवटा फुटण्याच्या बेतात असू शकतो. सोनोग्राफी आजच करा. फुगवटा निघाला तर लगेच रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्या. अचानक असह्य कळ, घाम किंवा चक्कर आली तर सोनोग्राफीसाठीही न थांबता थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. कंबरेला मालीश तूर्त नको.