काचबिंदूमुळे गाडी सोडताना लायसन्स परत कसं करायचं?

"बाबा ७४ वर्षांचे. तपासणीत काचबिंदू निघाला, नजर कमी झालीय. ते स्वतःच लायसन्स परत करू म्हणतात. कसं करायचं?"

आधी डॉक्टरांकडून नजर कशाने घटली ते लेखी घ्या. निव्वळ मोतीबिंदू असता तर थांबा म्हटलं असतं, कारण शस्त्रक्रियेनंतर नजर बहुतेकदा सुधारते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्यात कडेची नजर आधी जाते, म्हणून तक्त्यावरची अक्षरं आणि पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट नीट वाचणाऱ्यालाही डावीकडून घुसलेली स्कूटर दिसत नाही. 'मला तर सगळं दिसतं' असं बाबांना वाटलं तर व्हिज्युअल फील्डचा, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्या तपासणीचा, कागद समोर ठेवा. त्यातला काळा भाग म्हणजे न दिसणारी जागा.

मग आरटीओच्या नावे साधा अर्ज करा: मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार, दृष्टिदोषामुळे लायसन्स रद्द करावं. सोबत वैद्यकीय दाखला आणि मूळ कार्ड द्या. कार्डची झेरॉक्स आणि शिक्क्याची पोच मात्र जपून ठेवा. बँकेत ओळखपत्र म्हणून लायसन्स दिलं असेल, तर तिथे आधी आधार द्या.