‘रजेवर असूनही’ खोडताना

«मॅडम, माझ्या टीममधली एक जण सहा महिने मॅटर्निटी लीव्हवर होती, मार्चमध्ये परत आली. आता तिच्या अप्रेझलच्या कमेंट्स लिहायच्यात. चांगलं लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय, कमी लिहिलं तर तिच्यावर. काय लिहू?»

अंधेरीत विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका ऑफिसातला हा टीम लीडर. शनिवारी दुपारी माझ्याकडे आला तो भरलेल्या फॉर्मची प्रिंट घेऊनच. ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण त्याची वाक्यं जशी होती तशी देते. ‘सहा महिने रजेवर असूनही चांगले प्रयत्न केले. रजेमुळे वार्षिक टार्गेट अपूर्ण. घरची जबाबदारी वाढल्याने पुढील वर्षी वेळेचे नियोजन आवश्यक.’

माणूस दुष्ट नव्हता. पहिलं वाक्य तर त्याला कौतुकाचं वाटत होतं. मी विचारलं, “हीच ओळ टीममधल्या दुसऱ्या कोणाच्या फॉर्मवर लिहिता आली असती का?” तो म्हणाला, “नाही, ते रजेवर नव्हते.” मग ती ओळ कामाबद्दल नव्हतीच. रजा किती दिवसांची, कशासाठी, हे एचआरच्या नोंदीत असतंच. 26 आठवड्यांची ती रजा तिला कायद्याने मिळालेली, तिच्याबद्दल शेरा कशाला? तिसरं वाक्य तर त्याने स्वतःच, मी काही बोलायच्या आत, पेनाने खोडलं.

मग राहिलं टार्गेट. वर्षाला 240 फाइली, म्हणजे महिन्याला 20. ती एप्रिल ते ऑगस्ट कामावर होती, सप्टेंबरपासून रजा, 2 मार्चला हजर. कामाचे महिने सहा, म्हणून तिचं टार्गेट 120. तिने निकाली काढल्या होत्या 118, आणि मार्चचा पहिला आठवडा नव्या सिस्टिमचा लॉगिन मिळेपर्यंत गेला होता. 240 पैकी 118 म्हटलं की निम्मंही नाही, 120 पैकी 118 म्हटलं की चित्रच वेगळं. आकडा तोच, फक्त भागायचं कशाने ते चुकलं होतं.

दुसरी चूक जास्त लपलेली. फॉर्मवर ऑडिटला 20 टक्के वजन होतं. ऑडिट झालं जानेवारीत, ती रजेवर असताना. याने तिथे 5 पैकी 1 गुण टाकलेला, ‘केलं नाही ना!’ म्हणून. जे काम तिच्या वाट्याला आलंच नाही, त्याला शून्य किंवा एक देता येत नाही; तिथे ‘लागू नाही’ लिहायचं आणि ते 20 टक्के उरलेल्या कामांत वाटता येतात का, हे एचआरला विचारायचं. फॉर्ममध्ये तशी सोय नसेल, तर कमेंटमध्ये स्पष्ट लिहायचं. नाहीतर तो एक गुण सरासरीत मिसळतो आणि वर्षभराने कोणाला कारणही आठवत नाही.

“पण मॅडम, तिच्या फाइली बाकीच्यांनी ओढल्या की!” त्याचं खरं दुखणं हे होतं. ओढल्या, तर त्यांच्या फॉर्मवर लिहा, किती आणि कोणत्या महिन्यांत. त्यांचं श्रेय तिच्या खात्यातून कापून द्यायची गरज नाही. बोनसची रक्कम कामाच्या महिन्यांप्रमाणे कमी-जास्त करायची का, हा कंपनीच्या धोरणाचा प्रश्न. रेटिंगमध्ये तो मिसळू नये. (कामाचे महिने दोन-तीनच असते तर रेटिंग द्यायचं की नाही, हेच मी आधी एचआरला विचारायला सांगितलं असतं.)

लिहायला बसल्यावर मात्र अडलं. एप्रिल-मेमधलं तिचं काम त्याला आठवेचना. डोळ्यांसमोर होता तो फक्त मार्च, तोही अडखळता. त्याला म्हटलं, आठवणीवर लिहू नका. त्या पाच महिन्यांचे मासिक रिपोर्ट, मेल आणि तिची हँडओव्हर नोट काढा. सोमवारी त्याचा फोन आला. दोन नव्या मुलांना तिने मे महिन्यात शिकवलं होतं, तीच मुलं जानेवारीच्या ऑडिटला बसली. हँडओव्हरमध्ये 14 प्रलंबित फाइलींची स्थिती ओळीओळीने होती. आणि जूनमध्ये दोन फाइलींत कागदपत्रं न तपासता मंजुरी गेली होती.

“ते लिहू का? आत्ताच बाळंतपणातून आलीये…”

लिहा, म्हटलं. दयेपोटी गाळलेली चूक हाही वेगळा मापदंडच.

शेवटी कमेंट अशी झाली: ‘कामाच्या सहा महिन्यांतील 120 फाइलींपैकी 118 निकाली. दोन नवीन सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. ते आता स्वतंत्रपणे काम करतात. हँडओव्हर नोंद तपशीलवार. जूनमध्ये दोन फाइलींत कागदपत्रांची पडताळणी राहिली. मंजुरीपूर्वी चेकलिस्ट वापरावी. ऑडिट : लागू नाही.’

अप्रेझलच्या बैठकीत तिने एकाच ओळीवर वाद घातला, जूनच्या फाइलींवर. दोघांनी सिस्टिममध्ये पाहिलं तर एक फाइल तिची नव्हतीच. त्याने ‘दोन’चं ‘एक’ केलं आणि फॉर्म पुढे पाठवला.