केस होते, नव्हते, पुन्हा होते

प्रश्न: ट्रेलर बघून सिनेमाचा सूर आणि दर्जा कसा ओळखायचा? विनोदी समजून गेलो आणि डोळे पुसत आलो, असं दोनदा झालं. पस्तावणार आहोत हे आधीच कळेल अशा काही खुणा असतात का?

तुम्हाला डोळे पुसायला लावणाऱ्यांत कदाचित मीही असेन. मी सात वर्षं अंधेरीतल्या एका स्टुडिओत ट्रेलर कापले, बहुतेक मराठी सिनेमांचे. आणि ‘फसवलंस’ हा शब्द माझ्या सख्ख्या भाऊजींकडून गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला ऐकतोय.

२०१६ साली एक सिनेमा आला होता, नाव सांगत नाही. साताऱ्याकडचं गाव, वडील जातात, तेराव्याला जमलेली तीन भावंडं वाड्याच्या वाटणीवरून फुटतात. संथ, जड, पण चांगला सिनेमा. निर्माता आमच्याकडे हार्ड डिस्क ठेवून म्हणाला, “दुःखाला ओपनिंग नसतं. फॅमिली कॉमेडी करून द्या.”

मी सव्वादोन तासांचा सिनेमा दोनदा बघितला आणि हसू येईल अशा जागा टिपल्या. निघाल्या नऊ. त्यातल्या सात एकाच प्रसंगातल्या: धाकट्या भावाच्या जुन्या लग्नाची आठवण. सिनेमात ती अकरा मिनिटांची आहे, माझ्या अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये निम्म्याहून जास्त जागा तिची.

आता एक विनोद कसा तयार केला ते सांगतो, म्हणजे खुणा आपोआप कळतील. तेराव्याच्या पंगतीत थोरला म्हणतो, “आता वाटणी करून मोकळे होऊ.” सिनेमात यानंतर कोणीच बोलत नाही. आई भरल्या ताटावरून उठते आणि कॅमेरा त्या ताटावर थांबतो. मी आईला काढून टाकलं. थोरल्याच्या वाक्यानंतर लग्नातल्या पंगतीत काकांना जिलबी खाताना ठसका लागतो तो शॉट जोडला, व्हायोलिनच्या तारा टिचकवल्याचं टुक-टुक संगीत तिथेच तोडलं, अर्धा सेकंद शांतता ठेवली आणि मग लग्नातली हसणारी मंडळी. ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो.

अडचण एकच होती. वडील गेल्यावर थोरल्याचं मुंडन झालेलं. लग्नात त्याला भरपूर केस, तेराव्याला डोकं तुळतुळीत. मी शक्यतो टोपीतले शॉट वापरले, पण एका जागी टोपीतला शॉटच नव्हता. त्यामुळे एकाच संभाषणात त्या माणसाला केस आहेत, पुढच्या क्षणी नाहीत, मग पुन्हा आहेत. मराठी घरातल्या कर्त्या मुलाचं मुंडन झालंय म्हणजे काय, हे भाऊजींना मी सांगावं का? भाऊजींनी तो ट्रेलर फोनवर बघितला आणि शुक्रवारी ठाण्यात घरच्या अकरा जणांची तिकिटं काढली. त्यांच्या आई नुकत्याच गेल्या होत्या, ही गोष्ट मला तेव्हा सुचायला हवी होती, नाही सुचली.

मध्यंतरानंतर ताईचा फोन आला. ती काही बोललीच नाही. फोन भाऊजींनी घेतला. “शालकबुवा, हसायचं कुठे ते सांगा, म्हणजे तिथे हसतो.”

तर खुणा. पहिली म्हणजे कपडे, केस आणि जागा मोजा. ट्रेलरमधली सगळी गंमत एकाच साडीत, एकाच मांडवात घडत असेल तर ती गंमत सिनेमात एकाच प्रसंगापुरती आहे. खरोखर विनोदी सिनेमा असेल तर हसण्याच्या जागा वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या कपड्यांतल्या मिळतात. आमच्यापुढे तेव्हा कुठला घेऊ असा प्रश्न पडतो, कुठून आणू असा नाही.

दुसरी माझ्या मते सगळ्यात भरवशाची, आणि ती दर्जाचीही आहे. एकाने वाक्य बोलल्यावर दुसऱ्याने त्याला दिलेलं उत्तर त्याच चौकटीत दिसतं का ते बघा. दोघं एकत्र, मध्ये काप नाही, चार-पाच सेकंद. संपूर्ण ट्रेलरमध्ये असा एकही तुकडा नसेल, प्रत्येक वाक्यानंतर पडदा काळा होत असेल किंवा धाडकन संगीत येत असेल, तर दोन शक्यता आहेत. एक तर समोरचं उत्तर दुसऱ्याच प्रसंगातून उचललंय, जसं मी उचललं, किंवा नटांची जुगलबंदी इतकी ढिली आहे की कापणाऱ्याला ती सलग दाखवायची हिंमत झाली नाही. चांगला प्रसंग हाती आला की आम्ही त्याला हात लावत नाही हो, कारण त्याच्याइतकं चांगलं काही आम्हाला बनवता येत नाही.

आणि सुरासाठी आवाज बंद करून बघा. सूर बराचसा आम्ही बाहेरून आणलेल्या संगीतात असतो, सिनेमाचं पार्श्वसंगीत तेव्हा बऱ्याचदा तयारही नसतं. आवाज गेला की चेहरे उरतात. माझ्या त्या ट्रेलरचा आवाज बंद केला तर लग्नाचे शॉट सोडून एकही माणूस हसत नाही.

पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी कथा समजावणारी वाक्यं आली तर सावध व्हा, ती बहुधा नंतर डब करून चिकटवलेली असतात. यावर जास्त लिहीत नाही.

भाऊजींचं म्हणणं असं की हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. ते ‘फॅन’चं उदाहरण द्यायचे. त्या सिनेमाच्या प्रचारात जे गाणं वाजत होतं ते सिनेमात नव्हतं, म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्ह्याला ती फेटाळली गेली, पण राज्य आयोगाने दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला. ही बातमी भाऊजींनी मला किती वेळा पाठवली त्याचा हिशेब नाही. मग २२ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: प्रचाराचा ट्रेलर म्हणजे करार नाही, त्यातलं गाणं नसलं म्हणून तेवढ्यावरून सेवेत त्रुटी ठरत नाही. मी निकाल त्याच संध्याकाळी पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. अर्थात तो निकाल त्या एका गाण्याबाबतचा आहे. ज्या आईला मी ताटावरून उठू दिलं नाही तिच्याबद्दल न्यायालय काही बोललेलं नाही, हे मलाही कळतं.

राहिलेली सावधगिरी: वरच्या गोष्टी टीझरला लावू नका, तिथे मुळात प्रसंगच नसतात. हाणामारीचे आणि भुताचे ट्रेलर कापाकापीचेच असतात, तिथे दोघं एकत्र दिसले नाहीत म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही. शिवाय खोटा ट्रेलर म्हणजे वाईट सिनेमा असंही नाही. तो वाड्याचा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरला, कारण ज्यांना तो आवडला असता ते कॉमेडी म्हणून आलेच नाहीत, आणि जे आले ते भाऊजींसारखे चिडून गेले. दिग्दर्शक नंतर माझ्याशी बोलला नाही. भाऊजींपेक्षा त्याचा राग मला जास्त पटतो.

पण अकरा तिकिटांचा दोष मी पूर्ण घेणार नाही. खूण पडद्यावर होती. भाऊजी, ताई तुम्हाला हे वाचून दाखवेलच, तर ट्रेलर अजून यूट्यूबवर आहे. १ मिनिट ५२ सेकंदांवर थांबवा. टोपी नाही.