गुडघ्याखालचं टेंगूळ आणि टाच: खेळ किती दिवस बंद?

"मुलगा १३ वर्षांचा, खो-खो खेळतो, वर्षभरात उंची खूप वाढली. दोन महिने गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, टेंगूळ आलंय, आता टाचही दुखते. डॉक्टर म्हणाले वाढीचं आहे. खेळ किती दिवस बंद ठेवू?"

ताई, पूर्ण बंद ठेवू नका. माझ्या मुलाला अगदी हेच झालेलं, ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, आणि आम्हाला सहा आठवडे सक्त आराम सांगितला होता. दुखणं थांबलं खरं, पण मांडी बारीक झाली आणि मैदानात परतल्यावर आठवड्याभरात तेच दुखणं परत, म्हणजे सहा आठवडे फुकट गेले.

होतं काय, मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीला जिथे धरतो, तिथे या वयात पक्कं हाड नसतं, कूर्चा असते, आणि प्रत्येक उडी न् उठाबशीला तीच जागा ओढली जाते. खो-खोत पाटीवर बसून खो मिळाला की झटक्यात उठायचं, म्हणजे नेमका तोच ताण.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही खेळ नाही, ताण कमी केला. बसून उठणं, उड्या, खांबावरची झेप बंद, पळणं कमी, बाकी सराव चालू. रोज खुर्चीत बसून पाय सरळ करून १० सेकंद धरायचा, असं १० वेळा, त्याने मांडीची ताकद टिकते. महिन्याने भिंतीला टेकून अर्धी बैठक, मग हळूहळू उड्या. पूर्ण खेळायला तीन महिने लागले.

किती चालेल ते दुखण्यावरूनच ठरवायचं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त नाही, तर चालू ठेवा. लंगडतोय किंवा सकाळी वाढलंय, तर दोन-तीन दिवस थांबून परत कमीपासून सुरू करा. आमच्याकडे कॅलेंडरवर रोज आकडा लिहायचो, मुलं दुखणं लपवतात हो, मॅच जवळ आली की तर जास्तच.

टाचेचंही तसंच, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून बघा, कळ आली तर बहुतेक तेच. दोन्ही बुटांत मऊ हील पॅड घाला आणि कडक मैदानावर अनवाणी पळणं काही दिवस बंद.

पण हे वाट बघण्यासारखं नाही: झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, सगळा गुडघा सुजणं. उडी मारताना कट् आवाज होऊन पाय सरळच होईना तर त्याच दिवशी एक्स-रे करा. गुडघा दाबून दुखत नाही पण मुलगा लंगडतोय, पाऊल बाहेर वळवून टाकतोय, तर खुबा तपासायला सांगा, खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं.

टेंगूळ कदाचित कायम राहील, माझ्या मुलाचं अजून आहे, दुखत नाही, फक्त त्यावर गुडघे टेकून बसता येत नाही.