वर्गाच्या ग्रुपवर पहिला मेसेज

मॅडम, ‘काही शंका असल्यास विचारा’ एवढंच लिहिलंत तर नुसते अंगठे येतील. काय विचारायचं, कसं विचारायचं, ते मुलांना दाखवा. मी असं लिहीन:

‘नमस्कार मुलांनो! अपूर्णांकांच्या बेरजेत कुठे अडलं? वहीचा फोटो काढा, अडलेल्या पायरीला गोल करा. कोंकणीत लिहिलं तरी चालेल. ग्रुपवर नको वाटलं तर मला एकटीला पाठवा.’

एकटीला आलेली शंका नाव न घेता ग्रुपवर सोडवा, कारण तीच बऱ्याच जणांना अडलेली असते. समजा, कुणी १/२ + १/३ = २/५ लिहिलं. लगेच ‘चूक’ म्हणू नका, नाहीतर लाजरं मूल पुन्हा लिहिणारच नाही. अर्धी भाकरी आधीच आहे, त्यात आणखी तुकडा घातल्यावर २/५, म्हणजे अर्ध्याहून कमी, कशी होईल, एवढंच विचारा.